नंबर ५ की ६? माझ्या टाचेची गोष्ट

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. भिंत धरून दहा-बारा पावलं टाकली की कळ ओसरायची. मग दुपारपर्यंत विसरही पडायचा, आणि सहाव्या तासाला पुन्हा ठणका सुरू. गेल्या वर्षी शाळा उघडल्यापासून पार दिवाळीपर्यंत हेच चाललं होतं. शिक्षकांच्या खोलीत बोलले तर आमच्यातल्या निम्म्या बायकांनी "अगं, मलाही होतंय की" म्हणून आपापल्या टाचा पुढे केल्या. म्हणून म्हटलं, जरा सविस्तरच लिहावं.

मी गणित शिकवते. दिवसाला आठ तासिका, त्यातल्या सहा माझ्या, एकेक पस्तीस मिनिटांची. म्हणजे साडेतीन तास फळ्यापुढे, वर परिपाठ आणि मधल्या सुट्टीतली ड्युटी. खाली शहाबादी फरशी. सोलापूरच्या उन्हाळ्यात या फरशीइतकं सुख नाही, पण पायाला ती जराही दबत नाही. आणि आम्ही गणितवाले चालत कमी, उभे जास्त. उदाहरण सोडवताना एकाच जागी खांबासारखे. चालताना पोटरी आवळते, सैल होते, पायातलं रक्त वर ढकललं जातं. नुसतं उभं राहिलं की ते काम थांबतं आणि पाय जड होतात. चाळीस पोरांच्या वर्गात दोन फेऱ्या मारणाऱ्या भूगोलाच्या मॅडम माझ्यापेक्षा कमी दमतात, ते काही उगाच नाही.

आता माझा मूर्खपणा. मी ठरवलं की माझे सँडल कडक आहेत, मऊ काहीतरी घ्यायला हवं. नवी पेठेत गेले, आत जाड फोम असलेले बंद बूट पाहिले, पाय घातला तर लोण्यात पाय ठेवल्यासारखं वाटलं. ५ नंबर चवड्याला आवळत होता म्हणून ६ घेतला. दुकानदार म्हणाला, "घ्या की मॅडम, ढगावर चालल्यागत वाटतंय बघा." अठराशे रुपये गेले. पहिला आठवडा झकास. तिसऱ्या आठवड्यात टाच आधीपेक्षा जास्त दुखायला लागली आणि पायाची बोटंही आखडायला लागली.

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेले. त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, "घरातली सगळी पादत्राणं पिशवीत घालून आणा." मला वाटलं चेष्टा करतायत. पाच जोड घेऊन गेले. त्यांनी जमिनीवर कोरा कागद टाकला, मला त्यावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं केलं आणि पेन अगदी सरळ धरून पायाभोवती रेघ ओढली. मग माझ्या नव्या बुटातला आतला तळवा उपसून त्या रेघेवर ठेवला. लांबीला तो बोटांपुढे जवळपास दोन सेंटिमीटर जास्त होता. आणि चवड्याच्या जागी, करंगळीकडून, माझा पाय तरीही बाहेर सांडत होता.

"पाय ५ नंबरचाच आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला लांबी नको होती, रुंदी हवी होती. रुंदी मिळेना म्हणून लांबी विकत घेतलीत."

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या पंचवीस वर्षांच्या चप्पल-खरेदीचा हिशोब एकदम लागला.

आपल्याकडे जो नंबर चालतो त्यात एका नंबराने लांबी इंचाच्या एक तृतीयांशाने, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटरने वाढते. रुंदी त्या मानाने थोडीच वाढते. म्हणजे चवडा आवळतो म्हणून एक नंबर वाढवला तर चवड्याला किंचित सुटका मिळते आणि टाच मात्र मागे ढिली पडते. ढिला बूट पायातून निसटू नये म्हणून बोटं आपोआप आत वळून तळव्याला पकडून ठेवतात. दिवसभर. माझी बोटं आखडत होती ती यामुळे. दुसरी गोष्ट याहून वाईट. बूट पुढच्या भागात, बोटांच्या मुळाशी वाकतो, कारण पाय तिथे वाकतो. बूट लांब असला की त्याची वाकायची जागा तुमच्या पायाच्या वाकायच्या जागेपुढे सरकते. मग दर पावलाला पाय एकीकडे वाकतो आणि बूट दुसरीकडे. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखालून एक जाड पट्टा जातो, त्याला प्लांटर फॅसिआ म्हणतात. तळपायाच्या कमानीला तोच ताणून धरतो. त्याच्यावर असा ताण रोज पडत राहिला की टाचेजवळ, जिथे तो हाडाला चिकटतो, तिथे दुखणं सुरू होतं. रात्रभर विश्रांतीत तो आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. तो खिळा म्हणजे हे.

आणि फोमचं काय? ताईंनी बुटात टाचेच्या जागी अंगठा दाबायला सांगितला. अंगठा थेट खालच्या सोलला टेकला. एवढासा अंगठा टेकतो तर माझ्या सदुसष्ट किलोंपुढे त्याचं काय होत असेल! दुकानात पाच मिनिटं मऊ वाटतं ते खरंच असतं. पण तासाभराने फोम दबलेला असतो आणि आपण परत फरशीवरच उभ्या असतो. वर पाय डुगडुगतो, तो सावरायला घोट्याला काम. कडक बाहेरचा सोल, त्यावर जेमतेम गादी, ही मांडणी उभं राहायला बरी.

रुंदीचं हे माझ्या एकटीच्या पायाचं कौतुक नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर लाखभर लोकांचे पाय मोजले. भारतीय पाय रुंद असतात, हे त्यातून पुढे आलं. आपले नंबर मात्र विलायती मापाचे, आणि बायकांच्या 'फॉर्मल' बुटांचा पुढचा भाग तर पेन्सिलीला टोक केल्यासारखा. मार्च २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांच्या पेहरावाबद्दल सूचना काढल्या, त्यात पेहरावाला शोभतील अशी पादत्राणे हवीत असंही आहे. अहो, शोभतील, पण मिळतील कुठे?

दिवाळीच्या सुट्टीत मग मी शोधाला लागले. कागदावरची ती आकृती कात्रीने कापून पर्समध्ये ठेवली आणि संध्याकाळी सातला बाजारात गेले. संध्याकाळी यासाठी की दिवसभर उभं राहून पाय सुजतो. माझाच चवडा सकाळी ९.६ सेंटिमीटर भरला होता, शाळेतून आल्यावर ९.८. सकाळी बरोबर बसणारा बूट सहाव्या तासाला छळणारच. डावा पाय उजव्यापेक्षा मोठा निघाला, म्हणून आकृती डाव्याची घेतली.

दुकानात मी बुटातला तळवा काढून त्यावर माझा कागदी पाय ठेवायचे. बाहेर सांडला की बूट परत. चौथ्या दुकानातला पोरगा हसायला लागला, पण सहाव्या बुटानंतर तोच म्हणाला, "मॅडम, आधी कागद ठेवून बघतो, मग तुम्हाला दाखवतो." आतला तळवा चिकटवलेला असेल तर बूट उलटा करून सोलवर कागद धरायचा. तेवढं नेमकं कळत नाही, कारण सोल थोडा बाहेर आलेला असतो, पण ढोबळ अंदाज येतो. कागदातून पास झालेला बूट मग दोन्ही हातांनी वाकवायचा. बोटांच्या मुळाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर नको. ओल्या टॉवेलसारखा पिळून बघायचा, सहज पिळला गेला तर तोही नको. आणि "घालून घालून सैल होतंय की" यावर रेक्झिनच्या बाबतीत मुळीच विश्वास ठेवू नका. चामडं थोडं सैलावतं, रेक्झिन नाही. शिवाय एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की रेक्झिनमध्ये पाय नुसता उकडून निघतो.

मला जे सापडलं ते दोन ठिकाणी सापडलं. साडीसाठी काळ्या चामड्याचे सँडल, पुढे गोल, मागे पट्टा, टाच अडीच सेंटिमीटर आणि पसरट. चवड्यावरच्या पट्ट्याला बक्कल, म्हणजे सकाळी एक भोक आत, दुपारी एक भोक बाहेर. साडेसोळाशे. अगदी सपाट तळव्याने पोटरी आणि टाचेवर ओढ येते, म्हणून ती थोडी टाच हवीच. मागचा पट्टा असल्याने बोटांना चप्पल पकडून ठेवावी लागत नाही. ड्रेसच्या दिवसांसाठी मात्र मी सरळ मुलांच्या विभागात गेले. मुलग्यांचे काळे शाळेचे बूट, ५ नंबर, लेसचे. त्याच लांबीत पुढे ऐसपैस. नऊशे. पॉलिश केल्यावर कुणाच्या बापाला कळत नाही ते कुठल्या रॅकवरचे आहेत. पुरुष सहकाऱ्यांचं यात बरं आहे, त्यांनी फक्त टोकदार बूट टाळावेत आणि लेस रोज सोडून बांधावी.

दोन जोड आलटून पालटून वापरते. घाम वाळायला एक दिवस मिळतो.

एक भानगड कुणी सांगितली नव्हती. आधीच्या सँडलची टाच चार सेंटिमीटर होती. नव्याने मी दीड सेंटिमीटरने बुटकी झाले आणि पहिल्याच दिवशी इरकलीच्या निऱ्या फरशीवर लोळायला लागल्या. दोनदा पाय अडकला. म्हणून साडी नेसायच्या आधी सँडल घालायचे, मग निऱ्या खोचायच्या. ड्रेसच्या सलवारीही खालून दुमडून घेतल्या.

टाच लगेच थांबली नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. ताईंनी पोटरी ताणायचा व्यायाम दिला होता, भिंतीला हात लावून, दिवसातून तीनदा. तो नसता तर नुसत्या सँडलने काही झालं नसतं असं माझं मत आहे. सकाळचा खिळा जायला तीन महिने लागले. आणि पायात बधिरपणा असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, किंवा साखरेचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा, बाजारात नंतर जा. साखर असलेल्यांना बूट चावलेलाच कळत नाही.

या सगळ्यात नुकसान झालं ते नववी 'ब'चं. जुन्या सँडलची टकटक जिन्यापासूनच ऐकू यायची, मी दारात पोचेपर्यंत वर्ग चिडीचूप. आता रबरी सोल. परवा घटक चाचणीला मागच्या दाराने आत गेले तर तिसऱ्या बाकावर निवांत वही उघडी. त्या पठ्ठ्याने वर बघितलं आणि कळवळून म्हणाला, "मॅडम, तुमचा आवाजच येईना झालाय की ओ!"