रंग पाठ केले म्हणून क्रम लागत नाही

«ख्रिस्ती वर्ष नाताळापासून सुरू होतं. चार काळ, चार रंग: नाताळ लाल, प्रायश्चित्त जांभळा, ईस्टर पांढरा, उरलेले दिवस हिरवे. मुलांनी एवढं पाठ केलं की क्रम आपोआप लागतो.»

सुरुवात नाताळाची वाट पाहण्याच्या आगमनकाळापासून होते. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार हा त्याचा पहिला दिवस. २०२५-२६चं वर्ष त्या हिशेबाने ३० नोव्हेंबर २०२५ला सुरू झालं. (इथलं सगळं रोमन कॅथलिक पद्धतीचं आहे, ऑर्थोडॉक्स चर्चची मांडणी वेगळी असते.)

हे रंग उपासनेत धर्मगुरू घालतात त्या झग्याचे, आणि नाताळकाळाचा रंग पांढरा आहे. लाल रंग रक्ताचा आणि पवित्र आत्म्याच्या अग्नीचा, म्हणून तो झावळ्यांच्या रविवारी, गुड फ्रायडेला, पवित्र आत्मा उतरल्याच्या पेंटेकॉस्ट सणाला आणि हुतात्म्यांच्या सणांना वापरतात. नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, संत स्तेफन या पहिल्या हुतात्म्याचा सण येतो आणि पांढऱ्यात एक दिवस लाल झगा दिसतो. कदाचित गैरसमज तिथूनच झाला असेल.

जांभळा आगमनकाळातही असतो, पण भाव एकच नाही. दोन्ही काळांत रविवारी ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत गात नाहीत. ‘आलेलुया’ हा जयघोष मात्र फक्त प्रायश्चित्तकाळात थांबतो. आगमनकाळाच्या तिसऱ्या आणि प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या रविवारी गुलाबी रंग चालतो. मला हा तपशील फार आवडतो, कारण वाट पाहणं आणि पश्चात्ताप दोन्हींच्या मध्ये आनंदाला जागा ठेवलेली आहे.

आता क्रमाचा प्रश्न. हिरवे ‘उरलेले दिवस’ म्हणजे सामान्यकाळ, आणि तो दोन भागांत येतो. माध्यमिक वर्गात आठ कार्डं पिसून द्या: आगमन, नाताळ, सामान्यकाळ पहिला भाग, प्रायश्चित्त, गुड फ्रायडे, ईस्टर, पेंटेकॉस्ट, सामान्यकाळ दुसरा भाग. रंग लावल्यावर जांभळी दोन, पांढरी दोन, हिरवी दोन, लाल दोन होतात, म्हणजे रंगावरून जागा ठरतच नाही. पाठांतरवाली मुलं दोन्ही हिरवी कार्डं शेजारी ठेवतात. चूक तिथेच ओळखता येते.

त्याऐवजी आधी ईस्टर पक्का करायला सांगा. २०२६ला तो ५ एप्रिलला आहे. ४६ दिवस मागे गेलं की प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, १८ फेब्रुवारी: ४० दिवस उपवासाचे आणि मधले ६ रविवार. ४९ दिवस पुढे गेलं की पेंटेकॉस्ट, २४ मे. पहिलं हिरवं कार्ड येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणानंतर, १२ जानेवारीला सुरू होऊन १७ फेब्रुवारीला थांबतं. दुसरं २५ मेपासून आगमनाच्या आदल्या दिवसापर्यंत, २८ नोव्हेंबरपर्यंत चालतं.

हुशार मुलं इथे एक गोष्ट पकडतील: फेब्रुवारीत सहावा आठवडा चालू असताना सामान्यकाळ थांबला आणि मेमध्ये एकदम आठवा सुरू झाला, सातवा गाळलाच. दुसऱ्या भागाचे आकडे शेवटच्या, चौतिसाव्या आठवड्यापासून उलटे मोजतात, म्हणून काही वर्षांत ३३च आठवडे भरतात.