‘तुकडा कापायचा आणि गोल फिरवायचा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

«गेमचं वेगळं संगीत वगैरे काही नसतं. सिनेमाचं पार्श्वसंगीत घ्यायचं, मिनिटभराचा तुकडा कापायचा आणि गोल फिरवत ठेवायचा. आमच्या सोलापुरात जकार्डवर चादरीची नक्षी फिरते तसं. यात एवढं लिहिण्यासारखं काय आहे? इंग्रजी शब्द पेरून विद्वत्ता पाजळू नका. लेखही फार लांबलाय, आणि सिनेमाच्या संगीतकारांना तुम्ही कमी लेखताय.»

नमस्कार. गेमच्या संगीतावरचा माझा लेख लांबला हे मान्य. दोन भागांत टाकला असता तर वाचायला सोपा गेला असता.

पण ‘विद्वत्ता पाजळू नका’ हे कशासाठी? न पटलेला मुद्दा खोडून काढा, माझी काही हरकत नाही. लिहिणाऱ्याच्या हेतूवर घसरायचं कारण काय? गेमच्या आवाजाचं काम हा माझा रोजचा धंदा आहे, त्यावर घर चालतं. ज्याला तुम्ही ‘कापायचा आणि फिरवायचा’ म्हणता, तो शेवट आणि सुरुवात यांचा सांधा नीट बसवणं हेच त्या कामातलं सगळ्यात वेळखाऊ प्रकरण आहे. म्हणून तुमचं तेवढंच एक वाक्य धरतो.

सिनेमाचा संगीतकार काम सुरू करतो तेव्हा चित्रपटाचं संकलन बहुतेक वेळा पक्कं झालेलं असतं. दार कितव्या सेकंदाला उघडतं, नायिका कधी वळून बघते, हे त्याला ठाऊक असतं. त्या क्षणावर ठोका पडावा म्हणून तो लय थोडी कमीजास्त करतो आणि तुकडा चढवत नेऊन संपवतो. असा एक तुकडा घेऊ. लय मिनिटाला 90 ठोके, चार ठोक्यांचा एक बार, असे 16 बार. लांबी 42.67 सेकंद. आता तुमच्या पद्धतीने बारच्या रेषेवर कापून फिरवू.

पहिला घोटाळा शेवटच्या सुरावटीचा. व्हायोलिनं थांबली तरी त्यांचा रिव्हर्ब पुढे दोन-तीन सेकंद घुमत असतो. रेषेवर कापलं की तो घुमारा छाटला जातो आणि दर फेरीला त्याच जागी आवाज एकदम कोरडा पडतो. स्पीकरवर कदाचित निसटेल, हेडफोनवर नाही. शेवटी फेड लावून, म्हणजे आवाज हळूहळू उतरवून, हे झाकायला गेलात तर दर फेरीला आवाज खाली बसतो, म्हणजे सांधा आणखी उघडा पडतो. खरा उपाय असा: तेच 16 बार एकापुढे एक दोनदा मांडायचे आणि फक्त दुसरी फेरी एक्स्पोर्ट करायची. पहिल्या फेरीचा घुमारा दुसरीच्या सुरुवातीत आपोआप मिसळलेला असतो, त्यामुळे टोकाला टोक जुळतं. मात्र हीच फाइल गेम सुरू होताना वाजवली तर न वाजलेल्या सुरांचा घुमारा आधी ऐकू येतो. म्हणून पहिल्या वेळेला पहिली फेरी आणि तिथून पुढे दुसरी, अशा दोन फाइली ठेवाव्या लागतात. गेममध्ये आवाज बसवण्याचं Wwise हे सॉफ्टवेअर वापरणारे हेच दुसऱ्या वाटेने करतात. घुमारा फाइलमध्ये तसाच ठेवायचा, Exit Cue ही तुकडा संपल्याची खूण बारच्या रेषेवर लावायची, मग रेषेनंतरचा भाग पुढच्या फेरीवर चढून वाजतो.

दुसरा घोटाळा फाइलच्या प्रकाराचा. सँपल म्हणजे आवाजाचा बारीकसा नमुना; सेकंदाला 44,100 सँपल धरले तर आपला तुकडा बरोबर 18,81,600 सँपलचा होतो. एमपीथ्री 1152 सँपलच्या चौकटींत बांधली जाते आणि त्या संख्येला 1152 ने पूर्ण भाग जात नाही. उरलेली जागा एन्कोडर शांततेने भरतो, शिवाय सुरुवातीलाही थोडी शांतता घालतो. ती वाजवणाऱ्या प्रोग्रॅमने काटली नाही, तर दर फेरीला ठोका किंचित अडखळतो. संशय आला तर एक्स्पोर्ट केलेली फाइल पुन्हा एडिटरमध्ये उघडून लांबी बघा. वाढलेली दिसली की चोर सापडला. म्हणून लूपला, म्हणजे गोल फिरणाऱ्या तुकड्याला, वेव्ह किंवा ऑग व्हॉर्बिस फाइल.

तिसरी गोष्ट रचनेचीच आहे, ती कुठल्याही सॉफ्टवेअरने सुटत नाही. सिनेमाचा तुकडा एका बासरीपासून भरल्या वाद्यवृंदापर्यंत चढतो. तो फिरवला की शिखरावरून थेट बासरीवर कोसळतो. खेळणाऱ्याला वाटतं काहीतरी संपलं, आणि पडद्यावर तर काहीच घडलेलं नसतं. शेवटचा सूर षड्जावर विसावत असेल तर आणखी वाईट: दहा मिनिटांत तेच संगीत चौदा वेळा ‘संपतं’. म्हणून लूप लिहिताना पहिल्या आणि शेवटच्या बारचं वजन सारखं ठेवतात आणि शेवट अधांतरी सोडतात, म्हणजे कान आपसूक सुरुवातीकडे ओढला जातो.

जकार्डचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. मागावर नक्षी ठरवणाऱ्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत शेवटचा पुठ्ठा पहिल्याला बांधलेला असतो आणि नक्षी काढणारा तो जोड आधीच हिशेबात धरतो. दुसऱ्या कापडाचा तुकडा कापून आणून नक्षी होत नाही. तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

शिवाय मागाला मध्येच नक्षी बदलायची नसते. गेमला असते. खेळाडू रमतगमत फिरतोय आणि शत्रू समोर आला. लढाईचं संगीत पुढच्या बारवर सुरू करायचं म्हटलं तर 2.67 सेकंदांपर्यंत थांबावं लागतं, तोवर पहिला वार होऊन जातो. पुढच्याच ठोक्यावर बदलायचं तर थांबणं 0.67 सेकंदांवर येतं, पण सुरावट अर्ध्यात तुटते. यावरचा नेहमीचा तोडगा म्हणजे शत्रू दिसताक्षणी झांजेचा किंवा ड्रमचा छोटा फटका लगेच वाजवायचा आणि त्याच्या आडून बारच्या रेषेवर संगीत बदलायचं. सुरावटीच्या सोयीच्या जागी बदल करण्याची ही कला नवी नाही. लुकासआर्ट्स या गेम कंपनीच्या मायकल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी iMUSE ही यंत्रणा याचसाठी बांधली आणि 1991 च्या ‘मंकी आयलंड 2’ या गेममध्ये ती वापरली गेली.

लढाईतून परत येणं जास्त अवघड. समजा शत्रू 15 मीटरच्या आत आला की लढाईचं संगीत, बाहेर गेला की बंद. खेळाडू नेमका त्या रेषेवर पुढेमागे करतो आणि संगीत लटपटायला लागतं. म्हणून आत येण्याची हद्द 15 मीटर ठेवली तर बाहेर पडण्याची 25 ठेवतात, आणि बाहेर पडल्यावरही दोन बार लढाईचंच संगीत चालू देतात. तपासायचं असेल तर हद्दीवर उभं राहून मिनिटभर आतबाहेर करत राहायचं. एकाच लांबीचे थर एकत्र सुरू करून हवा तो वर आणायचा, हाही मार्ग आहे, आणि त्यात वाट बघावी लागत नाही. पण मग सगळ्या थरांना एकच लय आणि एकच सुरावटीचा पाया पत्करावा लागतो.

सिनेमाच्या संगीतकारांना कमी लेखणारं वाक्य लेखात नाही, पुन्हा वाचा. नटाच्या एका थांबण्यासाठी लय रेंगाळवण्याची जी मोकळीक त्यांना आहे, ती आम्हाला नाही, इतकंच लिहिलंय. आणि इंग्रजी शब्दांचं म्हणाल तर पडद्यावर जे नाव दिसतं तेच मी लिहिणार, नाहीतर शिकणाऱ्याला बटण सापडायचं नाही.

तुमच्या आवडीच्या कुठल्याही पार्श्वसंगीताचा मिनिटभराचा तुकडा कापा, Audacity या आवाजाच्या एडिटरमध्ये लूप लावा आणि हेडफोन घालून पंधरा मिनिटं ऐका. सांधा कुठे ऐकू आला ते इथे लिहा, त्यावर सविस्तर बोलू. मात्र ‘पाजळू नका’ छापाची पुढची प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करणार नाही.