ठिपके पट्टीचे नाहीत, लस्टरचे आहेत

«मॅडम, तुमच्या लेखावर विश्वास ठेवून हॉलच्या कोव्हमध्ये १२० एलईडीची साधी पट्टी लावली. डिफ्युझर नको म्हणालात. स्लॅबला मुद्दाम महागातला लस्टर रंग मारलाय, तरी ठिपके मोजता येतील इतके दिसतात. खोल चॅनल घ्या, हे सांगायला हवं होतं. ड्रायव्हरबद्दल एक शब्द नाही. फोटोही अंधारातले. घरी बसून लिहिण्यापेक्षा कधी साइटवर जाऊन बघा.»

फोटो अंधारातले आहेत, मान्य. दिवसा काढलेले दोन टाकते.

साइटवर जाऊन बघा, हे मात्र जरा जपून. माझे वडील पीओपीचं काम घ्यायचे. शाळेच्या सुट्ट्या मी त्यांच्या परातीत प्लास्टर कालवण्यात घालवल्या आहेत. मुद्दा पटला नाही तर तसं लिहा, हक्कानं लिहा. समोरचा माणूस घरी बसून असतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं? पुरुष ब्लॉगरला हेच वाक्य ऐकवता का, तेही कळू द्या.

आता खोल चॅनल. «खोल» या शब्दाचे दोन वेगळे अर्थ तुम्ही एकत्र केले आहेत. चॅनलची, म्हणजे पट्टी बसवायच्या अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलची खोली म्हणजे एलईडीपासून डिफ्युझरच्या दुधी झाकणापर्यंतचं अंतर. ते दोन एलईडींमधल्या अंतराएवढं तरी हवं, थोडं जास्त असलं तर बरंच. मीटरला ६० एलईडी असतील तर त्यांच्यात साधारण १७ मिलिमीटर अंतर पडतं, १२० असतील तर ८. म्हणून ६०ची पट्टी उथळ प्रोफाइलमध्ये घातली की झाकणावर ठिपके उमटतात. पण हा हिशोब झाकण थेट डोळ्यांना दिसतं तिथला: आरशाभोवती, किंवा भिंतीवर खाली उजेड सोडणाऱ्या फटीत. तिथे खोल प्रोफाइल घ्या, माझं काही म्हणणं नाही.

कोव्ह म्हणजे स्लॅबखाली कठड्याआड ठेवलेली खाच. तिच्यात उजेड वर जातो आणि तिथे स्लॅबच झाकणाचं काम करतो. पट्टीपासून स्लॅब चार-पाच इंचांवर, म्हणजे शंभर मिलिमीटरच्या पुढे असतो. ८ मिलिमीटरवरचे एलईडी तिथे पोहोचेपर्यंत एकमेकांत पार मिसळलेले असतात. मग तुम्हाला ठिपके कुठून दिसतात? उत्तर तुम्हीच लिहिलंय: लस्टर. चकाकणारा रंग थोडाफार आरशासारखा वागतो आणि स्लॅबमध्ये पट्टीचं प्रतिबिंब दिसतं. नजर जितकी तिरपी तितकी चकाकी जास्त, म्हणून समोरच्या भिंतीलगत बसलात तर आणखी ठळक. खात्री करायची तर स्लॅबकडे बघत हॉलमध्ये चार पावलं चाला. ठिपके तुमच्याबरोबर सरकले तर ते प्रतिबिंब. जागचे हलले नाहीत, तर पट्टी कुठल्या तरी पृष्ठभागाला फार जवळ चिकटवली आहे, बहुधा मागच्या उभ्या भिंतीला. प्रतिबिंबावर खोल प्रोफाइल लावलंत तर ठिपके जातील खरे, पण त्यांच्या जागी एक चकचकीत रेघ येईल. वर झाकणात थोडा उजेड जाईल तो वेगळाच.

आणि «खोल» म्हणजे कोव्हची खाच, असं म्हणायचं असेल तर ठाण्यातल्या एका फ्लॅटची गोष्ट ऐका. घरमालकांनाही पट्टी दिसण्याची धास्ती होती, म्हणून कठडा पट्टीपेक्षा तीन इंच उंच करून घेतला. पट्टी कठड्यापासून दोन इंच आत, स्लॅब पट्टीच्या सहा इंच वर. किरण कठड्याच्या काठाला घासून जातो तो दोन इंचांत तीन इंच चढतो. म्हणजे सहा इंच चढेपर्यंत तो जेमतेम चार इंच पुढे सरकतो आणि कठड्याच्या बाहेर फक्त दोन इंचांवर स्लॅबला टेकतो. त्यापुढे चाकूने कापल्यासारखी सावली. ठिपका एकही नव्हता आणि उजेडही नव्हता! सुताराकडून आत तीन इंच उंचीची रीप ठोकून पट्टी कठड्याच्या बरोबरीला आणली, तेव्हा ती रेष गेली. स्लॅब आता तीनच इंचांवर होता, तरी ठिपके नाहीत, कारण तिथे साधा मॅट डिस्टेंपर होता.

खाली उभ्या माणसाची नजर कठड्यावरून वरच जाते, त्यामुळे कठड्याएवढ्या उंचीवरची पट्टी त्याला दिसतच नाही. दिसते ती जिन्यावरून किंवा पोटमाळ्यावरून. तुमचं घर डुप्लेक्स असेल तर तसं लिहायचं होतं.

ड्रायव्हरबद्दल, म्हणजे पट्टीला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, वेगळा लेख आहे. शोधा, सापडेल.

तुम्हाला करायचंय ते एवढंच: पट्टी राहू द्या आणि स्लॅबच्या आतल्या चौकोनाला मॅट रंग मारून घ्या. लस्टरवर थेट मारू नका, आधी पॉलिश पेपरने घासून चकाकी काढा. नाहीतर वर्षभरात पोपडे निघतील आणि त्याचंही खापर माझ्यावरच फुटेल.