बर्फ कोळंबीच्या अंगावरचा की पिशवीच्या कोपऱ्यातला?

"फ्रोझन कोळंबीच्या पाकिटात बर्फ दिसला की समजा, माल एकदा वितळून पुन्हा गोठवलाय. कोरडं दिसणारं पाकीटच घ्या. आणि पाकिटावरचा आकडा जेवढा मोठा तेवढी कोळंबी मोठी. हा फोटो बघा आणि सगळ्यांना पाठवा."

जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात तेव्हा आमच्या रत्नागिरीकडेही पुष्कळ घरांत पाकिटातली कोळंबी येते, त्यामुळे हा निरोप मला चारपाच नातेवाइकांकडून आला. मी इथल्याच एका मासळी प्रक्रिया कारखान्यात नऊ वर्षं प्रतवारीच्या टेबलावर उभी होते. सोबतचा फोटो मी मोठा करून पाहिला. पाकीट 250 ग्रॅमचं, सोललेली कोळंबी, छापलेला आकडा 31/40. त्यात दिसणारा बर्फ कारखान्यातच मुद्दाम चढवलेला आहे.

कोळंबी सुटी सुटी गोठवली की ती दगडासारखी कडक होते. मग तिला काही सेकंद बर्फगार पाण्यात बुडवतात किंवा तिच्यावर पाण्याचा फवारा मारतात. कोळंबी इतकी थंड असते की पाणी तिच्या अंगावरच गोठतं आणि पातळ काचेसारखं कवच तयार होतं. आम्ही त्याला ग्लेझ म्हणायचो. फ्रीजरची हवा फार कोरडी असते, ती उघड्या मांसातलं पाणी ओढून घेते. कवच असलं की आधी कवच झिजतं, कोळंबी वाचते.

म्हणून बर्फ आहे की नाही हे बघून काही कळत नाही. बर्फाचा आकार बघायचा. ग्लेझ कोळंबीच्या आकाराचं असतं: पाठीच्या बाकावरून वळतं, शेपटीच्या टोकापर्यंत जातं, पारदर्शक दिसतं, आणि दोन कोळंब्यांमध्ये फट राहते. माल वितळला की सगळ्यात आधी हेच कवच वितळतं, कारण ते बाहेर असतं. पाणी पिशवीत खाली उतरतं. पुन्हा गोठलं की तो बर्फ पिशवीच्या आकाराचा होतो. पाकीट उभं होतं तर तळाच्या कोपऱ्यात ढेप, आडवं होतं तर एका बाजूला सपाट पापडी. वितळताना कोळंबीच्या मांसातलं पाणीही सुटतं, त्यामुळे तो बर्फ बहुधा गढूळ, दुधट किंवा किंचित गुलाबी दिसतो. मऊ पडलेल्या कोळंब्या एकमेकींवर दबतात, त्यांच्या अंगावर शेजारणीचा खळगा उमटतो, आणि सगळा एकच गठ्ठा होतो. निरोपातल्या फोटोत यातलं काहीच नाही. प्रत्येक नग वेगळा, वरच्या कोपऱ्यात जेवढा बर्फ तेवढाच खालच्या.

एक अपवाद मात्र सांगायलाच हवा. ठोकळ्यात गोठवलेली कोळंबी मुळातच पाण्यासकट साच्यात गोठवतात. तिथे बर्फ चौकोनी असणारच, आणि ही खूण तिथे लावता येत नाही.

पाकिटाच्या आतून पांढरा भुसभुशीत दंव दिसतो तोही वेगळा. दुकानातल्या फ्रीजरचं झाकण दिवसभर उघडझाप होतं, तापमान वरखाली होतं, कोळंबीतली ओल निघून प्लास्टिकला चिकटते. पाकीट वितळलं होतं, एवढं म्हणायला हा पुरावा पुरत नाही. पण दंव जाड आणि खड्यांसारखा असेल तर ते पाकीट फार दिवस पडून आहे किंवा नीट सांभाळलेलं नाही, एवढं नक्की. बाहेरच्या बाजूचा दंव तर आपल्याकडच्या दमट हवेचा, हाताने पुसला की जातो.

आता कोरड्या पाकिटाचा सल्ला, आणि मला खरी काळजी याचीच वाटते. बर्फच नसलेली कोळंबी म्हणजे बहुतेक वेळा कवच झिजून गेलेली कोळंबी. घ्यायच्या पाकिटाच्या फोटोत पाठीवर, कडांवर आणि शेपटीकडे खडूसारखे पांढरे, निस्तेज डाग शोधा. तिथलं मांस सुकलेलं आहे. ते भिजवून परत येत नाही, कालवणात चिवट लागतं आणि चरबीला हवा लागल्यामुळे जुनाट वासही मारतं. वहिनी दुकानातून असं एक पाकीट "बर्फ नाही" म्हणून निवडून घेऊन आल्या होत्या. अर्धी कोळंबी टाकावी लागली.

काळे ठिपके दिसले तर तेही गोठवण्याशी थेट जोडू नका. ते सालाखाली होणाऱ्या रासायनिक क्रियेने येतात, बहुतेकदा पकडल्यानंतर बर्फ उशिरा मिळाला म्हणून.

आकड्याचं तर अगदी उलटं आहे. 31/40 म्हणजे एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, 31 ते 40 नग. आकडा मोठा तितकी कोळंबी बारीक. 16/20 ची चांगली जाड, 51/60 ची बारीक. डोक्यासकट कोळंबीचा आकडा बऱ्याचदा किलोवर असतो, म्हणून पाकिटावर नीट वाचावं. काही विक्रेते सोललेल्या मालावर सोलण्याआधीचा आकडा छापतात, तेव्हा नग थोडे हलके निघतात.

हिशेब सोपा आहे. 250 ग्रॅम म्हणजे पौंडाच्या निम्म्याहून थोडं जास्त, तर 31/40 चे 17 ते 22 नग हवेत. म्हणून विक्रेत्याकडून फोटो मागताना पाकीट हलवून, पसरून, पुढून आणि मागून असे दोन काढायला सांगा आणि नग मोजा. 28 भरले तर ती कोळंबी 51/60 च्या आसपासची आहे.

पण फोटो इथवरच नेतो. मागच्या पावसाळ्यात मी स्वतः असंच 250 ग्रॅमचं, 31/40 चं पाकीट घेतलं. फोटोत 19 नग मोजले होते, ग्लेझ स्वच्छ, गठ्ठा नाही, सगळं हिशेबात. घरी पिशवी बाजूला काढून वजन केलं तर 252 ग्रॅम. मग कोळंबी चाळणीत घेऊन वरून गार पाण्याची बारीक धार सोडली, बोटाला बर्फाचा गुळगुळीतपणा लागेना तेवढंच. आतून ती कडकच राहायला हवी, नाहीतर मांसातलं पाणीही निघून जातं आणि वजन उगाच कमी भरतं. फडक्याने टिपून परत तोलली: 205 ग्रॅम. कोडेक्स या अन्नपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकात निव्वळ वजन ग्लेझ सोडून धरतात, म्हणजे 45 ग्रॅम कोळंबी कमी होती आणि त्या जागी मी पाण्याचे पैसे दिले होते.

आणि त्याने आकडाही बदलला. 19 नग 250 ग्रॅममध्ये असते तर पौंडाला 34 ते 35 पडले असते, म्हणजे 31/40 बरोबर. तेच 19 नग 205 ग्रॅममध्ये बसले तर पौंडाला 42 होतात, म्हणजे कोळंबी खालच्या प्रतीची, 41/50 ची. जाड ग्लेझमुळे नग फुगलेले दिसतात, भिंगातून पाहिल्यासारखे. शेपटीच्या पातळ पाकळ्या बर्फात पूर्ण बुडून नुसता गोळा दिसत असेल तर फोटोतच शंका घ्यावी. साध्या ग्लेझमध्ये त्यांची कड वेगळी ओळखू येते. त्या पाकिटाच्या फोटोत शेपट्या दिसतच नव्हत्या. मी नग मोजत बसले आणि तिकडे पाहिलं नाही.