होलसेल मेल असा लिहा की दुकानदाराने जन्मात परत उघडू नये

तर तुम्ही लाकडी फळं बनवता. पांगाऱ्याच्या लाकडाची, हातानं रंगवलेली, अगदी सावंतवाडी पद्धतीची. छान. आता तुम्हाला मालवण, अलिबाग, पुण्यातल्या गिफ्टच्या दुकानांना मेल टाकायचाय. माझं मालवणात छोटं दुकान आहे आणि असे मेल मी वर्षाला शेकड्यानं वाचते, त्यामुळे सल्ला द्यायचा अधिकार माझाच.

पहिलं म्हणजे विषयाच्या जागी 'हाय' लिहा. बाकी काही नको, उत्सुकता राहिली पाहिजे.

मग फोटो. चौसष्ट लावा, त्याच्यापेक्षा कमी लावले तर रेंज लहान वाटते. नावं देऊ नका, कोड तर अजिबातच नको, IMG-20250611-WA0034.jpg हे पुरेसं बोलकं आहे. मला फोनवर "तो पिवळसर आंबा, डावीकडे कलंडलेला, मागे तुमची चटई दिसते तो" असं सांगायला फार आवडतं. शेजारी पट्टी किंवा पाच रुपयाचं नाणं ठेवून फोटोची शोभा घालवू नका. आंबा हापूसएवढा आहे की रायवळएवढा हे पार्सल फोडल्यावर कळण्यात जी मजा आहे ती आधी सांगण्यात नाही.

दर? छे. 'रेट साठी कॉल करा'. आणि कॉल केला की तुम्ही प्रदर्शनात गिऱ्हाईकाला लावता तोच दर मलाही सांगा. दुकानाचं भाडं, फुटतूट, पावसाळ्याचे बंद महिने हे सगळं मी हौस म्हणून करते, मला मार्जिन कशाला हवं.

आता किमान ऑर्डर. हे नीट लक्ष देऊन वाचा कारण यात मी स्वतः पोळलेय. मेलमध्ये फक्त एवढंच लिहा, 'मिनिमम ऑर्डर ५०'. पन्नास काय ते लिहू नका. मला २०२५ च्या जुलैमध्ये असाच मेल आला, मी आंबा, काजू, फणस, केळं, सीताफळ, पेरू अशी सहा फळं निवडली, फोनवर ९० रुपये नग असा दर कळला, मी हिशोब केला मिळून पन्नास म्हणजे साडेचार हजार, आणि निम्मे म्हणून २२५० रुपये ॲडव्हान्स पाठवला. तिकडून आलं 'रिसीव्ड थँक्स ताई'. कोणी विचारलं नाही की ताई हे कसले निम्मे? कारण त्यांच्या डोक्यात पन्नास म्हणजे प्रत्येक फळ पन्नास! सहा पन्नासं तीनशे, बिल २७,०००! दारात टेम्पोतून पाच खोके उतरले तेव्हा मला कळलं. तीनशे लाकडी फळं घेऊन मी काय बाजार भरवू?

बरं त्यांची अडचण मला कळत नाही असं नाही. कातारी एका आकाराला बसला की पहिले दोनचार नग माप जुळेपर्यंत वायाच जातात, खालचा रंगही एकदम घाणा काढल्यासारखा लावतात, म्हणून पाच आंबे आणि पाच पेरू त्यांना परवडत नाहीत, मान्य. पण मग 'प्रत्येक आकार किमान वीस, रंग मिक्स चालतील, पहिली ऑर्डर एकूण अमुक रुपयांची' हे लिहायला काय हात दुखतात का? एक ओळ आहे ती!! (शांत. उपरोधिक लेख आहे. शांत.)

फोटोतला मांजराचा पंजा तसाच राहू द्या, गोड दिसतो.

मुदत नेहमी 'फक्त १५ दिवस' लिहा, बारा महिने तेच. पंधरा दिवस कधीपासून, ऑर्डरपासून की ॲडव्हान्सपासून की नमुना पास झाल्यापासून, हे मोघम ठेवा. पंधराव्या दिवशी माल तुमच्या पडवीतून निघणार की माझ्या दुकानात पोचणार तेही. आणि कोकणात पाऊस पडतो ही गोष्ट कोणालाही कळू देऊ नका.

मी १८ जुलैला ॲडव्हान्स भरला होता. २०२५ चे गणपती २७ ऑगस्टला, मला माल २० ऑगस्टपर्यंत हवा होता, कारण चाकरमानी गौरी-गणपती करून परत जाताना ऑफिसातल्या लोकांना द्यायला काहीतरी घेतात, तेच माझे दहा दिवस. म्हटलं पंधराचे तीस झाले तरी बसतंय. ४ ऑगस्टला फोन केला तर लाकूड ओलं आहे. दहाला केला तर चितारी गणपतीच्या शाळेत, डोळे उघडायला बसलेत. अहो तो काय भूकंप आहे का अचानक यायला? गणपती दर वर्षी येतात, जुलै-ऑगस्टात रंगाचा हात असलेला प्रत्येक माणूस मूर्तीवर असतो, हे शेंबड्या पोराला माहीत आहे!

माल आला ६ सप्टेंबरला. अनंत चतुर्दशी. चाकरमानी कधीच मुंबईत पोचलेले.

आणि आला तो कसा? तेलरंग, पावसाची दमट हवा, वरून कोरडा वाटतो पण आत ओला. नखानं दाबलं की वण उठतो, तेवढं बघितलं तरी कळतं. यांनी ते न बघता सरळ वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात दाबली. मी पहिला आंबा सोडवला तर अर्धा कागद त्यालाच चिकटलेला, ओढून काढला तर आंब्याच्या गालावर उलट्या अक्षरात कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. फणसाच्या काट्यांत अर्धी कुंडली. ऑक्टोबर हीट सुरू झाली तशा चार पेरूंना देठापासून चिरा गेल्या, लाकूड ओलंच कातलं होतं ना.

दोन दिवस वाद घातल्यावर प्रत्येकी वीस ठेवून घेतले, बाकी परत. जायच्या गाडीभाड्यावरून आणखी एक दिवस, कारण वाहतूक कोणाच्या डोक्यावर आणि चिकटलेला नग कोणी बदलून द्यायचा हेही मेलमध्ये नव्हतं.

त्या भांडणात एकदाचा फोन खुद्द बनवणाऱ्या काकांच्या हातात गेला. मेल लिहिणारा त्यांचा पुतण्या. काका म्हणाले, "बाये, पावसात रंग सुकणा नाय. एका आकाराचे ईस तरी घेवक व्हयेत. गणपतीक माल व्हयो तर माका मे म्हयन्यात सांगूक व्हया, तेव्हा लाकूड सुका गावता. दिवाळेक व्हयो तर गणपती झाल्यार सांग, म्हयनो लागतलो."

ऐकलंत? अर्धं मिनिट. किती नग, कधी सांगायचं, किती दिवस, का, सगळं आलं. चौसष्ट फोटोंच्या मेलमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं. अरे पोरांनो, तुमच्या घरात तो माणूस पडवीत बसलेला असतो, आयुष्यभर हेच करतोय, त्याला विचारून चार ओळी उतरवून घ्या ना! मेलमध्ये दहा फोटो पुरतात, प्रत्येकाखाली नाव, उंची, दुकानाचा दर. 'जून ते गणपती नवीन ऑर्डर घेत नाही' असं सरळ लिहिलंत तर कोणी पळून जात नाही, मी मे महिन्यातच पैसे दिले असते. लाज कसली वाटते पावसाची? खोटे पंधरा दिवस लिहायला नाही वाटली ती!

माझ्याकडे अजून अकरा आंबे शिल्लक आहेत. शुभेच्छांसकट.