मॉनिटरच्या पाठीमागचं जग

टीव्हीवर घरात दुसऱ्यांचं राज्य असल्यामुळे मी गेमिंग कन्सोल उचलून माझ्या टेबलावर आणला. कम्प्युटरचा मॉनिटर होताच, एक केबल खोचली की झालं, असं माझं गणित.

केबल खोचली. मॉनिटर म्हणाला, 'No Signal'. कन्सोलचा दिवा मात्र मस्त पेटलेला. दहा मिनिटं केबल काढ-घाल केल्यावर लक्षात आलं की कम्प्युटर डिस्प्लेपोर्टला आहे आणि मॉनिटर अजून तिथेच टक लावून बसलाय. कन्सोलला फक्त एचडीएमआय कळतं. मग मागचं ते एवढंसं बटण चाचपडत मेनू उघडला. इनपुटच्या जागी दोनदा ब्राइटनेस वाढवला, एकदा भाषा बदलली, आणि अखेर HDMI सापडलं. पुन्हा ही कसरत नको म्हणून इनपुट 'ऑटो'वर ठेवलं.

चित्र आलं. आता मॉनिटर १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलू शकणारा, म्हणून मी हावरटासारखा मेनूत आकडा बघितला, तर ६०! भाच्याला फोन लावला.

"मामा, कन्सोल १२०च्या वर जातच नाही. १६५ विसर. आणि कन्सोलमध्ये १२० हर्ट्झ चालू केलंस का?"

केलं. आकडा ६० तो ६०च. गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही 'परफॉर्मन्स मोड' निवडावा लागतो, हे त्याने मी पुरेसा रडकुंडीला आल्यावर सांगितलं. तो निवडून गेम पुन्हा सुरू केला आणि आकडा १२० झाला. खरं सांगू? फरक मला कळला की आकड्यामुळे वाटला, देव जाणे.

पण सगळं मुकं. या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. आवाज एचडीएमआयमधून मॉनिटरपर्यंत येतो आणि तिथून हेडफोनच्या जॅकमधून बाहेर पडतो, इतकं मला ठाऊक होतं. मान वाकडी करून, मोबाइलच्या उजेडात ते भोक शोधलं, हेडफोन खोचला. शांतता. कन्सोलमध्ये आवाज एचडीएमआयकडेच चाललेला. मग मॉनिटरच्याच मेनूत वेगळा व्हॉल्यूम निघाला, तो शून्यावर! कोणी केला? बहुधा मीच, मघाशी इनपुट शोधताना.

आवाज आला. ऑनलाइन खेळायला भाच्याला बोलावलं. मला तो ऐकू येतोय, मी त्याला नाही. मी ओरडतोय, शेजारच्या खोलीतून उत्तरं येतायत.

"मामा, मॉनिटरचा जॅक फक्त आवाज बाहेर काढतो, माइकचं आत घेत नाही. हेडसेट कंट्रोलरला लाव ना, खाली भोक आहे बघ."

होतं. अगदी समोर, माझ्या दोन अंगठ्यांच्या मधोमध. लावल्याबरोबर आवाज आणि माइक दोन्ही सुरू.

खूश होऊन पुढे सरकलो, कोपर माउसला लागलं. झोपलेला कम्प्युटर जागा झाला आणि 'ऑटो'वरचा मॉनिटर मला न विचारता त्याच्याकडे निघून गेला. कानात गोळीबार, समोर पासवर्डची चौकट.

"मामा, मेलास," भाचा म्हणाला.