दोन दगड आणि एक गाठ

“समोरच्याचं म्हणणं ताणून ताणून हास्यास्पद करायचं, ही निव्वळ थट्टा झाली. त्यातून सिद्ध काहीच होत नाही. आणि समोरचा ‘मग तसं होऊ दे’ म्हणाला की खेळ खलास!”

समोरच्याच्याच विधानांतून विसंगती काढून दाखवायच्या पद्धतीवर हे तीन आक्षेप घेतले जातात. पण ताणाताण कुठे होते? गॅलिलिओच्या १६३८ सालच्या पुस्तकातला संवाद बघा. सिंप्लिसिओ हा अ‍ॅरिस्टॉटलचा पाईक. जड वस्तू जास्त वेगाने पडते असं मानणारा. गॅलिलिओची बाजू मांडणारा साल्व्हियाती त्याच्याकडून आधी एक कबुली घेतो: वेगवान आणि मंद अशा दोन वस्तू जोडल्या, तर मंद वस्तू वेगवानला मागे खेचेल ना? निःसंशय, म्हणतो तो. मग मोठ्या दगडाचा वेग ८ धरा, लहानाचा ४. दोन्ही बांधले तर वेग ८ पेक्षा कमी भरायला हवा. पण बांधलेली जोडी मोठ्या दगडापेक्षा जड, म्हणजे वेग ८ पेक्षा जास्तही हवा. यात साल्व्हियातीने पदरचं काहीच घातलेलं नाही. दोन्ही उत्तरं सिंप्लिसिओच्याच बोलण्यातून निघाली. ‘मग डोंगर तर क्षणात कोसळेल!’ असं साल्व्हियाती म्हणाला असता, तर ती थट्टा झाली असती.

सिद्ध काय झालं, याची हद्द मात्र नीट आखायला हवी. ‘जड वस्तू जास्त वेगाने पडते’ आणि ‘मंद वस्तू वेगवानला मागे खेचते’ ही दोन विधानं एकत्र नांदू शकत नाहीत, एवढंच. कोणतं सोडायचं, हे यातून ठरत नाही. सिंप्लिसिओला एक पळवाट होती: बांधल्यावर तो एकच दगड झाला, आता खेचाखेचीचा प्रश्न नाही, वेग ८ पेक्षा जास्तच. अशा वेळी हटवादी म्हणून त्याला झटकणं अन्याय. पळवाटेची किंमत विचारावी. सैल दोऱ्याने बांधले तरी एकच का? नुसते चिकटून असले तर? गाठ आवळताच वेग उडी मारून वाढतो का? आता उत्तर द्यायची पाळी त्याची. आणि हवेत पीस दगडामागे का राहतं, याला ही गाठ काही उत्तर देत नाही.

तिसरा आक्षेप खरा आहे, पण तो या पद्धतीचा दोष नव्हे, ती कसोटी आहे. भारतीय तर्कपरंपरेतल्या न्यायशास्त्रात याला नाव आहे: इष्टापत्ती. आपण आज मराठीत हा शब्द ‘झालं ते बरंच झालं’ अशा अर्थी वापरतो. मूळ वादात मात्र ते प्रतिपक्षाचं उत्तर असे: तू दाखवलेली आपत्ती, म्हणजे नकोसा निष्कर्ष, मला मान्यच आहे. डोंगराचं उदाहरण इथेच पडतं. सिंप्लिसिओ म्हणेल, कोसळेल की झपाट्याने, बिघडलं काय? ‘८ पेक्षा कमी आणि ८ पेक्षा जास्त’ला मात्र कुणी ‘होऊ दे’ म्हणू शकत नाही. तुमचा शेवट नुसता विचित्र असेल, परस्परविरोधी नसेल, तर तो समोरच्यालाही नकोसा आहे का, हे आधी त्यालाच विचारा.